हॉलमधल्या गणपतीच्या फलकाचं अरबी भाषांतर: कुठले शब्द वापरावेत?

दर्सैतवाली

मस्कतमध्ये आमच्या मंडळाचा पाच दिवसांचा गणपती एका भाड्याच्या हॉलमध्ये बसतो. हॉलचे मालक ओमानी आहेत, माणूस मोठा सालस. यंदा त्यांनी एवढंच सांगितलं की तुमचा जो मराठी फलक दारावर असतो तसाच एक अरबीतही लावा. शेजारी मशीद आहे, येणाऱ्याजाणाऱ्यांना कळू दे आत काय चाललंय आणि किती वाजेपर्यंत चालणार.

माझ्याकडे फलकाचा फक्त फोटो आहे. काकांच्या हातचा खडूचा मजकूर, वर ट्यूबलाइटची तिरीप. फोटो इथे टाकत नाही, कारण खाली गुरुजींचा फोन नंबर आहे. मजकूर असा:

॥ श्री गणेशाय नमः ॥
सोमवार स. ९.३० प्राणप्रतिष्ठा व पूजा
रोज स. ८ व सायं. ७ आरती
बुधवार सायं. ५ अथर्वशीर्ष सहस्रावर्तन
गुरुवार सायं. ५ हळदीकुंकू (फक्त महिला)
शुक्रवार स. ११ सत्यनारायण, दु. १ महाप्रसाद
शुक्रवार सायं. ६ विसर्जन मिरवणूक
चपला बाहेर काढाव्यात. मखराजवळ सोवळ्यात असलेल्यांनीच जावे. यथाशक्ती देणगी द्यावी.

मला अरबी वाचता येतं, कामापुरतं लिहिताही येतं. पण मूर्ती, आरती, प्रसाद यांना काय लिहावं? आपला मान राहावा आणि वाचणाऱ्यालाही खटकू नये असे शब्द हवेत. अरबी लिपी इथे मराठीत मिसळली की ओळी उलट्यापालट्या होतात, तेव्हा शब्द देवनागरीतच लिहा.

रांजणखळगा

सोपं आहे. मी दम्मामला साइटवर अकरा वर्षं काढली. मूर्ती म्हणजे सनम. पूजा म्हणजे इबादा. प्राणप्रतिष्ठेला 'नफ्ख अर-रूह' लिहा, म्हणजे आत्मा फुंकणे. शब्दाला शब्द. विसर्जन म्हणजे तग्रीक. झालं तुमचं काम.

एकटाजीव

तग्रीक म्हणजे बुडवून मारणं ना? बाप्पाची केस पोलिसात जाईल. 😀

बोरूवाली

रांजणखळगा, शब्द तुम्हाला येतात हे खरं, पण हे चारही शब्द दारावर लावू नका. दुबईत कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करून माझे केस पांढरे झालेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सनम आणि मूर्तीसाठीचाच दुसरा शब्द वसन, हे दोन्ही अरबी माणसाच्या कानाला कुराणातून येतात. इब्राहीमने फोडल्या त्या मूर्ती म्हणजे असनाम. हा शब्द वर्णन करत नाही, थेट निकाल देतो. आपणच आपल्या दारावर तो लावणं म्हणजे समोरच्याच्या वादातली भाषा आपल्या तोंडी घेणं. वर्तमानपत्रं 'तिमसाल' लिहितात, म्हणजे पुतळा. तो निव्वळ वस्तूचं नाव सांगतो. त्याचं अनेकवचन 'तमासील' कुराणात दोनदा येतं, एकदा इब्राहीमच्या लोकांच्या मूर्तींसाठी आणि एकदा सुलेमानसाठी घडवलेल्या आकृतींसाठी. म्हणून तो सनमसारखा एकाच बाजूला कललेला नाही.

पण माझा खरा सल्ला असा की मूर्ती हा शब्द फलकावर लागतोच कशाला? दर्सैतवालीचा फलक पुन्हा वाचा. त्यात 'मूर्ती' कुठेच नाही. आपणच मनातून घालतोय. सणाचं नाव आणि वेळ एवढं पुरे.

'नफ्ख अर-रूह' तर अजिबात नको. चित्र किंवा पुतळा घडवणाऱ्याला कयामतीच्या दिवशी 'आता यात आत्मा फुंक' असं सांगितलं जाईल, अशा अर्थाची हदीस तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. आपण नेमके तेच दोन शब्द लिहिले तर साधा फलक वादाचं निमंत्रण होईल. 'मरासिम अल-इफ्तिताह' लिहा, प्रारंभाचा समारंभ. सोमवारी सकाळी साडेनऊला तेच तर असतं.

झणझणीत

म्हणजे प्राणप्रतिष्ठेला 'उद्घाटन समारंभ' म्हणायचं? फीत कापायला कोण येणार? मला हे नरमाईचं प्रकरण पटत नाही. आपण जे करतो ते करतो. पूजा म्हणजे पूजा, सरळ देवनागरीचा उच्चार अरबी लिपीत लिहा, खाली काही नको. ज्याला कळायचं त्याला कळेल.

दर्सैतवाली

ज्याला कळायचं त्याला कळेल, पण मालकांनी फलक मागितला तो ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठीच ना.

बोरूवाली

झणझणीत यांचं अर्धं मला मान्य आहे. आरती हा शब्द तसाच ठेवायचा, कारण त्याला अरबीत जोड नाही. 'सलात' लिहिलं तर वाचणारा नमाज समजतो. अरब ख्रिस्तीही आपल्या प्रार्थनेला सलातच म्हणतात, त्यामुळे शब्द चुकीचा नाही, पण मशिदीशेजारच्या दारावर 'सलात, सायं. ७' दिसलं तर एखादा भला माणूस चपला काढून आत येईल. 'तरानीम' म्हटलं की चर्च डोळ्यांपुढे येतं. 'तिलावा' हा कुराणपठणाचा शब्द, तोही नको. म्हणून आरतीसाठी मी लिहीन: 'आरती, इन्शाद दीनी जमाई', म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हटलेलं धार्मिक गान. अथर्वशीर्षाला 'किराअत नुसूस दीनिय्या', धार्मिक ग्रंथांचं वाचन. सहस्र वगैरे सोडून द्या, शेजाऱ्याला आकडा नको, किती वाजता संपणार ते हवं. आणि ते तर फलकावर कुठेच नाही! सगळ्या वेळा फक्त सुरुवातीच्या आहेत.

मनामाकर

बरोबर पकडलंत. आमच्याकडे बहरीनमध्ये हेच झालं होतं. मनामात श्रीनाथजींचं मंदिर दोनशेहून जास्त वर्षं आहे, त्यामुळे तिथल्या लोकांना आपले सण नवे नाहीत. शेजाऱ्यांची तक्रार धर्मावरून कधीच नव्हती, पार्किंगवरून होती. आम्ही अरबी फलकात मोठ्या अक्षरांत संपण्याची वेळ लिहिली आणि तक्रारी थांबल्या.

सुगरण_मावशी

छान धागा. मला सुखकर्ता दुःखहर्ताचं अरबी भाषांतर कुठे मिळेल? नातू कतारला इंटरनॅशनल शाळेत आहे, त्याला मित्रांना समजावून सांगायचंय.

एकटाजीव

मावशी, 'हिरेजडित मुकुट शोभतो बरा' अरबीत गेलं की मला पण पाठवा.

खाडीपलीकडे

मी रत्नागिरीचा, कोकणी मुसलमान, सध्या कुवेतमध्ये. महाप्रसादाबद्दल लिहायचं होतं.

गावी शेजारच्या घरातून गौरीगणपतीला करंज्या यायच्या आणि आजी घ्यायची, पण ती वहिनींना विचारायची की ही नैवेद्याची आहे की वेगळी काढलेली. वहिनी खरं सांगायच्या आणि आमच्यासाठी वेगळा डबा भरायच्या. कुणाला राग नाही. देवापुढे ठेवलेलं अन्न बरेच मुसलमान खात नाहीत, काही खातात. तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण अरबी फलकावर नुसतं 'वज्बा नबातिय्या', शाकाहारी जेवण, लिहून सगळ्यांना बोलावलंत, कुणी जेवला आणि नंतर त्याला कळलं, तर त्याला फसवल्यासारखं वाटेल. शब्द सौम्य असावा, पण लपवाछपवी नको.

बोरूवाली

हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता, खाडीपलीकडे. मी 'वज्बा नबातिय्या'च लिहिणार होते. मग 'वज्बा नबातिय्या तुवज्जअ बअद अल-मरासिम अद-दीनिय्या' कसं वाटतं? धार्मिक समारंभानंतर वाटलं जाणारं शाकाहारी जेवण. 'मुबारक' हा शब्द मी मुद्दाम टाळतेय, आणि 'कुर्बान' तर नकोच, त्याने बकरी ईद आठवते.

खाडीपलीकडे

समारंभानंतर वाटलेलं म्हणजे समारंभात अर्पण केलेलं, असं प्रत्येक जण समजेलच असं नाही. मी असतो तर 'अर्पण केलेलं' हे स्पष्ट लिहिलं असतं.

झणझणीत

इथे मात्र मी खाडीपलीकडेंच्या बाजूने. लिहायचं तर खरं लिहा.

बोरूवाली

'तआम मुकद्दम' म्हणजे सादर केलेलं अन्न. पण हॉटेलातही अन्न मुकद्दमच असतं, त्याने अर्पण कळत नाही. कुणाला अर्पण ते लिहायचं तर 'लिल-इलाह गणेश' लिहावं लागेल, म्हणजे गणेश या देवाला. अरबी वर्तमानपत्रं 'अल-इलाह गानीशा' सर्रास लिहितात, बातमीत ते चालतं. पण हॉलमालकाच्या दारावर, जिथे रोज पाच वेळा 'ला इलाह इल्लल्लाह' ऐकू येतं, तिथे तोच शब्द मला टोचतो. मी ठरवू शकत नाहीये.

दर्सैतवाली

आम्ही महाप्रसादाला बाहेरच्यांना बोलावत नाही, हॉलच्या क्षमतेपुरतंच बनतं. मग ही ओळ अरबीत नुसती 'मंडळाच्या सभासदांसाठी जेवण' अशी लिहिली तर? आणि मालकांच्या घरी डबा जातो तो आम्ही आधी वेगळा काढतोच.

खाडीपलीकडे

मग माझी हरकत नाही. सभासदांपुरतं असेल तर कुणी फसणार नाही. पण मुद्दा म्हणून माझं मत तेच.

रांजणखळगा

ठीक, सनम मागे घेतो. पण 'हिंदी' शब्द तरी बरोबर ना? 'मरासिम हिंदिय्या'. आमच्या साइटवर सगळे तसंच म्हणायचे.

बोरूवाली

'हिंदी' म्हणजे भारतीय. मग त्यात तुमचा मल्याळी ख्रिस्ती फोरमनही आला. धर्म सांगायचा तर 'हिंदूसी'. पण या फलकावर दोन्ही वापरता येतात: 'अल-जालिया अल-हिंदिय्या', म्हणजे इथला भारतीय समाज, हे आयोजक म्हणून, आणि 'अद-दीनिय्या' हे समारंभासाठी. 'ताइफा' टाळा, त्याला पंथाचा वास येतो.

आणि शीर्षकात विधींसाठी 'शआइर' की 'तुकूस' असा प्रश्न कुणी विचारेल म्हणून आधीच सांगते. 'शआइर' कायद्यात चालतो, अमिरातीच्या राज्यघटनेच्या ३२व्या कलमात धर्माचे विधी पाळण्याच्या स्वातंत्र्यासाठी तोच आहे. पण रोजच्या वापरात त्याला हजचा रंग आहे. 'तुकूस' अभ्यासकांचा शब्द, वाचणाऱ्याला वाटतं आत काहीतरी गूढ चाललंय. शिवाय त्याचं एकवचन 'तक्स' म्हणजे हवामानही. 'मरासिम' हा लग्न, शपथविधी, उद्घाटन सगळ्याला चालणारा साधा शब्द. मी तो घेते.

एकटाजीव

'आजचं हवामान: सायंकाळी ७ वाजता आरती, ढोलताशांच्या गडगडाटासह.'

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितोय. वर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी काय? ओमानमध्ये सरकारी असो की खासगी, बऱ्याच सूचनांच्या वर बिस्मिल्लाह असतं. आदर म्हणून आपणही लिहावं का?

खाडीपलीकडे

माझ्या मते नको. आदर दिसण्याऐवजी कुणीतरी आपली ओळख झाकतोय असं दिसेल. बिस्मिल्लाह लिहून खाली आरतीची वेळ दिली तर दोन्हीकडचे गोंधळतील.

बोरूवाली

सहमत. 'तहिय्या तय्यिबा व बअद' हे पत्रातलं धर्मनिरपेक्ष अभिवादन आहे, सगळे वापरतात. त्यानेच सुरुवात करा. 'श्री गणेशाय नमः' मराठी फलकावर आहे तिथेच राहू द्या, दोन्ही फलक शेजारी शेजारी लागणार आहेत. अरबीत त्याचं भाषांतर करायला गेलात की 'सुजूद', 'रब' असे शब्द येतात आणि मग सगळी काळजी पाण्यात.

गणेशचं स्पेलिंग तुमच्या गावाप्रमाणे. प्रमाण अरबीत ग नाही. वर्तमानपत्रं गैन हे अक्षर वापरतात, म्हणून 'गानीशा', इजिप्तचा माणूस जीमने लिहील. खाडीत काफचाही उच्चार ग करतात, पण ते बोलण्यात. छापायला गैनच बरं. आणि गणपती लिहू नका, प नसल्याने तो 'गनबाती' होतो.

एकटाजीव

गनबाती बाब्बा मोरया!

पाटीपेन्सिल

भाषांतराच्या आधीची पायरी कुणीच बघत नाहीये. फोटोवरून अंक नीट वाचा. आमच्या ऑफिसात एका लेबनीज बाईंनी आमचं मराठी वेळापत्रक पाहून टाइप केलं तेव्हा 'दु. १'चं 'दुपारी ९' झालं होतं, कारण आपला १ त्यांना इंग्रजी नऊ दिसतो. तसाच आपला ४ इंग्रजी आठसारखा दिसतो. अरबी सहा इंग्रजी सातासारखा दिसतो आणि अरबी पाच हे नुसतं गोल शून्य. तीन लिप्यांचे अंक एकत्र आले की माणूस गडबडणारच. फलकावर इंग्रजी अंकच ठेवा, खाडीत ते सगळ्यांना वाचता येतात. सकाळ-संध्याकाळ मात्र 'सबाहन', 'मसाअन' असं पूर्ण लिहा.

आणखी एक. अरबी उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे मध्ये नुसती रेघ टाकून '७ ते ७.३०' लिहिलंत तर वाचणाऱ्याला 'साडेसात ते सात' वाटू शकतं. 'मिन' आणि 'इला' शब्दांत लिहा, म्हणजे सातपासून साडेसातपर्यंत. छापून आणल्यावर फलक अरबी वाचणाऱ्या माणसाकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या.

दर्सैतवाली

हे अंकाचं खरंच उपयोगी. काकांच्या खडूत 'स. ९.३०' आहे की 'स. १.३०' याचाच वाद आमच्या घरी झाला. शेवटी काकांना फोन केला. ९.३०च.

मनामाकर

शुक्रवारच्या वेळा बघा जरा. ओमानमध्ये शुक्रवार सुट्टीचा. सत्यनारायण ११ला सुरू, महाप्रसाद १ला. जुम्याची नमाज मध्ये, त्याच वेळी शेजारच्या मशिदीत गर्दी आणि रस्ताभर गाड्या. आणि विसर्जन ६ला. सप्टेंबरच्या मध्यात मस्कतला सूर्यास्त साधारण सहा वाजून पाच-दहा मिनिटांनी असतो. म्हणजे ढोल आणि मगरिबची अजान एकत्र. हे शब्दांनी झाकता येणार नाही, वेळच बदला.

झणझणीत

मुहूर्त बदलायचा?

मनामाकर

विसर्जनाला कुठला कडक मुहूर्त असतो? अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे केला तर बाप्पा रागावत नाहीत. आम्ही पावणेसातला करतो.

बोरूवाली

आणि 'मिरवणूक'! 'मसीरा' लिहू नका कृपया. मोर्चालाही तोच शब्द आहे. आयोजकाला विनाकारण विचारणा होईल. तुमची मिरवणूक हॉलच्या आवारातच असते ना? मग 'खिताम अल-मरासिम, फी साहत अल-काआ', समारंभाची सांगता, हॉलच्या आवारात. विसर्जन टाकीत होत असेल तर तेवढंच पुरे. कुणी विचारलंच तर 'गम्र', पाण्यात ठेवणे, हा वर्तमानपत्री शब्द आहे, तग्रीक नव्हे.

सोवळ्याची ओळ शब्दशः कधीच नको. 'ताहिर' म्हणजे शुद्ध, आणि वाचणारा लगेच उलटा विचार करणार की म्हणजे मी 'नजिस'? इस्लाममध्ये हे दोन्ही शब्द नेमक्या अर्थाने आहेत. नुसतं 'कृपया मंचाजवळ जाऊ नये' लिहा: 'युर्जा अदम अल-इक्तिराब मिन अल-मिनस्सा'. चपलांची ओळ मात्र शब्दशः करा, 'युर्जा खल्अ अल-अहजिया'. मशिदीतही तेच लिहिलेलं असतं, पूर्ण फलकात हीच ओळ सगळ्यात सहज जाईल. हळदीकुंकवाला 'लिका खास बिन-निसा', महिलांचा मेळावा.

देणगीची ओळ गाळा. परवानगीशिवाय देणगी गोळा करायला तिथे बंदी आहे, तेव्हा खरं तर ती मराठी फलकावरूनही काढायला हवी.

रांजणखळगा

हे देणगीचं दम्माममध्येही होतं. या एका बाबतीत तरी मी बरोबर.

दर्सैतवाली

मंडळात चर्चा झाली. विसर्जन ६.४५, सत्यनारायण सकाळी ९ ते ११ असा आधी घेतला, बुधवार-गुरुवारचे कार्यक्रम ४ला आणि महाप्रसाद १.३०ला ठेवला, देणगीची ओळ दोन्हीकडून काढली. आता मसुदा असा:

तन्वीह, म्हणजे सूचना. तहिय्या तय्यिबा व बअद. अल-जालिया अल-हिंदिय्या आपल्या गणेश उत्सवाच्या समारंभांच्या वेळा कळवत आहे. (ही ओळ मी अरबीत लिहिली आहे, इथे मराठी सांगते.)
सोमवार: मरासिम अल-इफ्तिताह, सकाळी ९.३० ते ११.
रोज: आरती, इन्शाद दीनी जमाई, सकाळी ८ ते ८.३०, संध्याकाळी ७ ते ७.३०.
बुधवार: किराअत नुसूस दीनिय्या, संध्याकाळी ४ ते ५.४५.
गुरुवार: लिका खास बिन-निसा, संध्याकाळी ४ ते ५.४५.
शुक्रवार: मरासिम दीनिय्या, सकाळी ९ ते ११. सभासदांसाठी शाकाहारी जेवण, दुपारी १.३० ते ३.
शुक्रवार: खिताम अल-मरासिम, आवारात, संध्याकाळी ६.४५ ते ७.३०.
चपला, मंच. शेवटी 'शुक्रन लि-तआवुनिकुम', सहकार्याबद्दल आभार.

झणझणीत, 'आरती' शब्द आहे हं.

झणझणीत

बघितलं. एक शब्द वाचला बाप्पाचा. शुक्रवारी 'सत्यनारायण' नाव का नाही मग? आरती ठेवता, ते का नाही?

बोरूवाली

ठेवायला हरकत नाही, कुणाला खटकणार नाही. मी गाळला कारण वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. दर्सैतवालीने ठरवावं.

पाटीपेन्सिल

शुक्रवारी संध्याकाळी ७ची रोजची आरती आणि ६.४५ ते ७.३०ची सांगता एकाच वेळी आहेत. 'रोज'च्या ओळीत 'सोमवार ते गुरुवार' लिहा, नाहीतर शुक्रवारी सातला दोन कार्यक्रम दिसतील. आणि सोमवारी सकाळी ८ला आरती? गणपती बसतोच ९.३०ला.

दर्सैतवाली

अरे देवा, हे तर काकांच्या मूळ फलकातही तसंच आहे. सकाळची आरती मंगळवारपासून, संध्याकाळची सोमवार ते गुरुवार. दोन्ही फलक बदलते. शुक्रवारची सकाळची ८ला होते, ती राहील.

सुगरण_मावशी

माझ्या नातवाचं राहिलं.

बोरूवाली

मावशी, त्याच्यासाठी वेगळा धागा काढा. मित्रांना सांगायचं तर पूर्ण आरती नको, पहिल्या दोन ओळींचा अर्थ चांगला होईल, मी मदत करते. 'विघ्न'ला काय म्हणायचं ते आधी ठरवावं लागेल.